हॉटेलच्या किचनमधली पहिली नोकरी: तास, शिकवण आणि बढती कशी जोखायची? मराठवाड्यातल्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतलेले, फूड प्रॉडक्शनचा आयटीआय केलेले आणि ढाब्यावर हात बसलेले असे तिघेही किचनमध्ये शिरताना जवळपास तेच प्रश्न विचारतात. इथे आम्ही फक्त पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं बोलतो आहोत, कारण पुढे कुठवर जाता येईल हे बहुतेक वेळा त्याच काळात ठरतं. हॉटेलचं नाव आणि हातात येणारा पगार एवढ्यावर नोकरी निवडणारे बरेच असतात. रोस्टर, सेक्शन आणि आधीच्या पोरांचं पुढे काय झालं, या तीन गोष्टी पाहणारे थोडे. आमचा भर त्या तीन गोष्टींवर आहे.

ऑफर लेटरवर ९ तासांची ड्यूटी लिहिली आहे. प्रत्यक्षात किती तास धरायचे?

किचनमध्ये ड्यूटी पंचिंगच्या वेळेला सुरू होत नाही आणि शेवटच्या ऑर्डरला संपतही नाही. संध्याकाळच्या शिफ्टचं उदाहरण घ्या. वेळ लिहिलेली असते दुपारी २ ते रात्री ११. तुम्ही पावणेदोनला युनिफॉर्म घालून उभे असता, कारण स्टोअरमधून माल उचलायचा असतो आणि सकाळच्या शिफ्टकडून काय उरलं, काय संपलं हे समजून घ्यायचं असतं. रेस्टॉरंटची शेवटची ऑर्डर ११ ला असेल तर ती प्लेट बाहेर जाईपर्यंत सव्वाअकरा होतात. त्यानंतर उरलेल्या ग्रेव्ह्या आणि भाज्या लहान डब्यांत काढायच्या, त्यांवर तारीख-वेळेची चिठ्ठी लावायची, रेंज आणि टेबल घासायचं, उद्याचं इंडेंट, म्हणजे स्टोअरमधून मागवायच्या मालाची यादी लिहायची. यात पाऊण ते एक तास जातो. म्हणजे कागदावरचे ९ तास इथे साडेदहा होतात, आणि हे चांगल्या, शिस्तीच्या हॉटेलातही होतं.

म्हणून एचआरला 'किती तास ड्यूटी?' असं विचारू नका. तिथे कामाला असलेल्या कॉमीला, म्हणजे किचनमधल्या सुरुवातीच्या पायरीवरच्या स्वयंपाक्याला विचारा, 'शेवटची ऑर्डर किती वाजता असते आणि काल तू किती वाजता बाहेर पडलास?' त्याहून पक्की खूण म्हणजे शनिवारी रात्री साडेअकरानंतर हॉटेलच्या स्टाफ गेटजवळ थोडा वेळ थांबणं. किचनची पोरं कधी बाहेर येतात ते डोळ्यांनी दिसतं.

ब्रेक शिफ्ट म्हणजे काय? ती घ्यावी का?

सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहा ते साडेअकरा-बारा, अशी दोन तुकड्यांत वाटलेली ड्यूटी. हॉटेलाचा भाग नसलेल्या स्वतंत्र रेस्टॉरंटांत हीच पद्धत जास्त दिसते, कारण दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधल्या वेळेत गिऱ्हाईक नसतं आणि मालकाला दोन पाळ्यांची माणसं परवडत नाहीत. मोठ्या हॉटेलांत चोवीस तास रूम सर्व्हिस आणि सकाळचा नाश्ता असतो, त्यामुळे तिथे सलग शिफ्ट लावाव्याच लागतात.

ब्रेक शिफ्टमध्ये कामाचे तास दहा-अकराच असतात, पण दिवस चौदा तासांचा होतो. मधले तीन तास तुमचे म्हणायचे, मात्र खोली किचनपासून पाऊण तासावर असेल तर त्यांतला निम्मा वेळ रस्त्यातच संपतो आणि पोरं भांडी घासायच्या जागेशेजारी पुठ्ठा टाकून झोपतात. राहायची जागा चालत दहा मिनिटांवर असेल तर ब्रेक शिफ्ट निभते. तसं नसेल तर सहा महिन्यांत पाय आणि झोप, दोन्हींचं गणित बिघडतं. ही नोकरी घेण्याआधी खोली कुठे आहे ते स्वतः जाऊन पाहा, फोटोवर भागवू नका.

कायद्याने कमाल किती तास काम करून घेता येतं?

महाराष्ट्रात हॉटेलांना दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ लागू होतो. त्याची मूळ मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिवसाची मर्यादा वाढवण्याचा बदल केला, म्हणून दिवसापेक्षा आठवड्याचा हिशोब धरा. आठवड्याला ४८ च्या वर गेलेला वेळ हा जादा काम असतो आणि त्याचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावा लागतो. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी हाही हक्क आहे. मोजक्या माणसांवर चालणाऱ्या छोट्या ठिकाणांना या कायद्याच्या बऱ्याच तरतुदी लागत नाहीत, त्यामुळे ढाबा किंवा लहान खानावळीत या आधारावर भांडता येणं अवघड जातं.

व्यवहारात दुप्पट ओव्हरटाइम क्वचितच मिळतो. बहुतेक हॉटेलं 'कॉम्प ऑफ' देतात, म्हणजे जादा कामाच्या बदल्यात सुट्टी. ती खरंच मिळते का, हे कसं कळणार? आधीच्या पोरांना एवढंच विचारा: 'आज तुझे किती ऑफ शिल्लक आहेत?' दोन-तीन असतील तर ठीक. पंधरा-वीस साठलेत आणि ते कधी मिळतील याचा पत्ता नाही, असं उत्तर आलं तर ते ऑफ बुडाले असंच समजा. नोकरी सोडताना त्यांचे पैसे मिळतील या भरवशावर राहू नका.

सीझनमध्ये सुट्टी मिळतच नाही असं ऐकलं. कितपत खरं?

छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांवर दोन वेगळे सीझन येतात. वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च, आणि लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन मे-जूनपर्यंत. त्यामुळे बँक्वेट असलेल्या हॉटेलात एप्रिल-मे हा शांत काळ ठरत नाही. खोल्या रिकाम्या असल्या तरी हॉलमध्ये ८०० पानांचं लग्न असतं आणि इंडियन सेक्शनची पोरं पहाटे चारपासून उभी असतात. चातुर्मासात, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर, लग्नं थांबतात. तेव्हाच साठलेल्या सुट्ट्या वाटल्या जातात. मुलाखतीत विचारून ठेवा की मागच्या पावसाळ्यात कॉमींना सलग किती दिवस घरी जाता आलं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आणि तुळजापूरला देवीच्या यात्रेकरूंवर चालणाऱ्या हॉटेलांचं वेळापत्रक वेगळं असतं. तिथे सणवार म्हणजेच गर्दी, आणि दसरा-दिवाळीला घरी जायचा विचार सोडून द्यावा लागतो.

दोन ऑफर हातात आहेत. पुण्याची पगारात मोठी, संभाजीनगरची लहान. कशी तुलना करायची?

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. आकडे नमुन्यासाठी आहेत, तुमचे घालून हाच हिशोब करा. परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा मुलगा, हॉटेल मॅनेजमेंटची पदवी झालेली, वय २१.

पहिली ऑफर: संभाजीनगरातलं १०० च्या वर खोल्यांचं हॉटेल, कॉमी ३. हातात १४,५०० रुपये, पीएफ आणि ईएसआय कापून. ड्यूटीवर जेवण. खोली स्वतःची, तिघांत मिळून प्रत्येकी २,५००. कामाचे तास प्रत्यक्षात १०, महिन्याला २६ दिवस.

दुसरी ऑफर: पुण्यातलं चांगलं चालणारं रेस्टॉरंट, चायनीज सेक्शन. हातात १९,००० रुपये. जेवण आणि आठ जणांची खोली फुकट. पीएफ-ईएसआय नाही. ब्रेक शिफ्ट, काम ११ तास, सगळा मिळून दिवस १४ तासांचा. कागदावर आठवड्याला एक ऑफ, पण महिन्यातले दोन ऑफ शनिवार-रविवारच्या गर्दीत बुडतात, म्हणजे २८ दिवस काम.

आता तासाचा भाव काढू. संभाजीनगरात १४,५०० मधून खोलीचे २,५०० गेले, उरले १२,०००. महिन्याचे तास २६० म्हणजे तासाला साधारण ४६ रुपये. पण पीएफचा पगार १३,००० धरला तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,५६० आणि मालकाचे तेवढेच तुमच्या नावावर जमा होतात. मालकाच्या हिश्श्यातला मोठा भाग पेन्शन खात्यात जातो, तरी तो तुमचाच. ते ३,१२० मिळवले की १५,१२० होतात आणि भाव ५८ रुपयांवर येतो.

पुण्यात कागदावरचे २६ दिवस आणि ११ तास धरले तर २८६ तास, तासाला ६६ रुपये. संभाजीनगरपेक्षा बरेच बरे. बुडालेले ऑफ धरून २८ दिवस केले की ३०८ तास होतात आणि भाव ६२ वर येतो. मधले तीन तासही अडकून पडलेले धरले तर महिन्याचे ३९२ तास, तासाला साडेअठ्ठेचाळीस. साडेचार हजारांचं अंतर एवढ्यानेच मिटलं.

त्यात ईएसआय नसणं ही लहान बाब नाही. चायनीज रेंजवर तेल उडून हात भाजणं नेहमीचं आहे. ईएसआय असेल तर उपचार मोफत होतात आणि कामावर झालेल्या दुखापतीसाठी रजेच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. नसेल तर पंधरा दिवस बिनपगारी घरी, आणि मलमाचा खर्च खिशातून.

तरीही एवढ्यावर निर्णय करू नका. दोन्हीकडे आठवड्याचे तास ४८ च्या वर आहेत, त्यामुळे कायद्याच्या कसोटीवर दोन्ही कमी पडतात. खरा फरक शिकवणीत निघतो. संभाजीनगरच्या हॉटेलात पहिल्या वर्षी तीन-चार सेक्शन फिरवतात असं तिथल्या पोरांनी सांगितलं तर आमचं मत पहिल्या ऑफरला. पण तिथेही त्याला दोन वर्षं स्टाफ कॅफेटेरियात डाळ-भातावरच ठेवणार असतील आणि पुण्यात सॉस, स्टॉक, डिमसम सगळं हाताने बनत असेल, तर आम्ही पुण्याला पाठवू. फक्त ऑफचा शब्द लेखी घेऊन.

पगारात सर्व्हिस चार्ज आणि टिप धरून आकडा सांगितला आहे. विश्वास ठेवावा का?

ठेवू नका. ग्राहकाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येणार नाही, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. त्यामुळे ही रक्कम केव्हाही आटू शकते. टिपेचा वाटा किचनपर्यंत पोहोचतो का, हे हॉटेलागणिक बदलतं. ऑफर लेटरवरच्या सीटीसीतून सर्व्हिस चार्ज, टिप, जेवणाची किंमत आणि मालकाचा पीएफ वजा करा. जो आकडा उरेल त्यावर घरी बोला.

शिकायला मिळेल की वर्षभर कांदाच चिरावा लागेल, हे आधी कसं ओळखायचं?

कांदा चिरावाच लागतो आणि त्यात कमीपणा नाही. १० किलो कांदा सोलून, देठ काढून साधारण ९ किलो उरतो. तोच तळून सोनेरी केला की वजन पाव भागाच्या आसपास येतं. हे ज्याच्या हाताखालून गेलं, त्याला बिर्याणीची किंमत का वाढते ते कळतं. प्रश्न इतकाच की चिरण्याच्या पुढे तुम्हाला नेतात का. ते ओळखायच्या काही जागा आहेत.

पहिली जागा ग्रेव्ही. बहुतेक इंडियन किचन चार मूळ ग्रेव्ह्यांवर चालतं: कांदा-टोमॅटोची लाल, काजू किंवा मगजबीची पांढरी, मखनी आणि पालकाची हिरवी. त्या कोण बनवतं, किती दिवसांनी बनतात आणि कॉमीला त्या कढईसमोर उभं राहायला मिळतं का, हे विचारा. ग्रेव्ही मुख्य किचनमधून पिशवीत गोठून येत असेल किंवा तयार पावडर पाण्यात कालवत असतील, तर तिथे तुम्ही गरम करायला शिकाल, शिजवायला नाही. साखळी रेस्टॉरंटांत हे सर्रास असतं. तिथे वेग, स्वच्छता आणि ठरल्याप्रमाणे वजन करणं उत्तम शिकवतात, पण चव जुळवायला शिकवत नाहीत. हे माहीत असून गेलात तर सहा-आठ महिने वाया गेले असं होत नाही.

दुसरी जागा रेसिपी कार्ड. प्रत्येक पदार्थाचं ग्रॅममध्ये लिहिलेलं कार्ड सेक्शनमध्ये हाताशी आहे का? वस्तादाच्या डोक्यातच सगळं असेल आणि मसाला तो बंद खोलीत एकटा मिसळत असेल, तर त्याच्या मर्जीवर तुमचं शिक्षण. काही वस्ताद मनापासून शिकवतात, त्यांच्या हाताखाली वर्षभर घालवावं. पण असा माणूस नोकरी बदलतो तेव्हा किचनच्या हातात काहीच उरत नाही, आणि तुमच्याही.

तिसरी जागा फ्रिज. दार उघडल्यावर डब्यांवर तारीख, वेळ आणि सही दिसली पाहिजे. कच्चं मटण-चिकन खालच्या कप्प्यात, शिजवलेलं वरच्या. लग्नाच्या रात्री उरलेली २० लिटर डाळ खोल पातेल्यात तशीच फ्रिजमध्ये ढकललेली दिसली तर सावध व्हा. इतक्या मोठ्या पातेल्याचा मधला भाग सकाळपर्यंत कोमटच राहतो, आणि जंतू वाढायला तेवढं पुरतं. जाणतं किचन ती डाळ दोन इंच जाडीच्या थराने उथळ ट्रेमध्ये पसरतं. दोन तासांत ६० अंशांवरून २१ वर आणि पुढच्या चार तासांत ५ वर आणायची असते. हे तापमान मोजायला थर्मामीटर कोणाच्या खिशात आहे का, एवढं पाहिलं तरी त्या किचनची शिस्त कळते. जिथे शिस्त नाही तिथे शिकवणीलाही वेळ नसतो.

शेवटी स्टाफचं जेवण. कॉमीला रोज स्टाफसाठी एखादी भाजी-आमटी स्वतः करू देत असतील तर ती फार चांगली खूण आहे. चूक झाली तर गिऱ्हाईक जात नाही, आणि शंभर माणसांचं मीठ हाताला बसतं. घरची येसर आमटी किंवा काळ्या मसाल्याचं वांगं तिथे करून दाखवलेल्या पोराकडे शेफचं लक्ष जातं.

ट्रायलला बोलावलं आहे. काय करायला लावतात आणि काय बघतात?

कॉमीच्या ट्रायलला साधारण दोन ते चार तास लागतात. कांदा बारीक चिरणं, गाजराच्या काड्या आणि चौकोनी तुकडे, ऑम्लेट, मोकळा भात किंवा एखादी साधी भाजी, असं काही असतं. तंदूरवाल्याला मैदा भिजवण्यापासून सुरू करावं लागतं आणि सलग वीस-पंचवीस रोट्या एका आकाराच्या काढून दाखवाव्या लागतात.

शेफ पदार्थापेक्षा हात बघतो. बोर्डाखाली ओला फडका घातला का, म्हणजे तो सरकणार नाही. कच्च्या चिकननंतर हात आणि सुरी धुतली का. साली आणि देठांचा ढीग किती मोठा. चव घेतलेला चमचा परत पातेल्यात गेला का. काम संपल्यावर टेबल कसं सोडलं. ऑम्लेट थोडं जास्त भाजलं तर माफ होतं, उष्टा चमचा होत नाही.

ट्रायल तुमचीही असते. त्या वेळात रोस्टरचा कागद वाचा, तो बहुतेक शेफच्या केबिनबाहेर लावलेला असतो. एकाच माणसाच्या नावापुढे सलग दहा-बारा दिवस ऑफ दिसत नसेल तर तुम्हालाही तेच मिळणार. आणि एका दिवसापेक्षा जास्त बिनपगारी ट्रायल मागत असतील तर ती परीक्षा राहत नाही, फुकटची मजुरी होते. नम्रपणे नाही म्हणा.

कॉलेजच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये सगळा वेळ एकाच जागी घालवला. आता काय?

हे फार होतं. साधारण एका सत्राच्या त्या काळात किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस असं फिरायचं असतं. पण लग्नांचा सीझन लागला की ट्रेनी बँक्वेटला ओढले जातात आणि तिथेच राहतात. ट्रेनिंग चालू असेल तर दुसऱ्याच आठवड्यात ट्रेनिंग मॅनेजरकडून फिरण्याचं वेळापत्रक लेखी मागा आणि लॉगबुक रोज भरा: सेक्शन, पदार्थ, किती माणसांचा, तुम्ही नेमकं काय केलं. 'इंडियन किचनमध्ये काम केलं' याला मुलाखतीत काही किंमत नाही. '४० माणसांची दाल मखनी रात्रभर मंद आचेवर लावून सकाळी लोणी-साय घालून पूर्ण केली' याला आहे.

ट्रेनिंग संपून गेलं असेल तर पहिली नोकरीच ट्रेनिंग समजून निवडा. मोठ्या साखळ्यांची मॅनेजमेंट ट्रेनी पदं थोडी असतात आणि तिथे चुरस मोठी. ती मिळाली नाहीत म्हणून कॉमी ३ पासून सुरुवात करणं कमीपणाचं नाही. किचनमध्ये पदवीधर आणि अनुभवी एकाच टेबलावर उभे असतात.

बढतीच्या पायऱ्या कोणत्या आणि किती वेळ लागतो?

ट्रेनी, कॉमी ३, कॉमी २, कॉमी १, मग डीसीडीपी म्हणजे सेक्शनप्रमुखाच्या हाताखालचा, सीडीपी म्हणजे सेक्शनप्रमुख, सू शेफ आणि वर एक्झिक्युटिव्ह शेफ. कॉमीच्या तिन्ही पायऱ्यांना सहसा दोन ते चार वर्षं जातात. सेक्शन स्वतःच्या जबाबदारीवर चालवणारा सीडीपी व्हायला पाच ते सात वर्षं धरा. जागा रिकामी झाली आणि हात तयार असेल तर लवकर होतं. वरचा माणूस हलत नसेल तर उशिरा.

बढती अडते ती बहुतेक कॉमी १ आणि डीसीडीपी यांच्या मध्ये. कॉमीचं काम हाताचं असतं. डीसीडीपीला मात्र इंडेंट काढावं लागतं, म्हणजे उद्या १२० पानं आहेत तर पनीर किती किलो, हे आदल्या रात्री सांगावं लागतं. पनीरची भाजी एका पानाला ८० ग्रॅम पनीर धरून करायची आणि निम्मी पानं ती घेतील असा अंदाज असेल, तर ६० पानांचे जवळपास ५ किलो. साडेआठ किलो मागवलं तर उरलेलं आंबतं, चार मागवलं तर दहा वाजता भाजी संपते. ज्या कॉमीने असा हिशोब रोज वहीत मांडून दुसऱ्या दिवशी खऱ्या आकड्याशी ताडून पाहिला, तो वर जातो. इंग्रजीही इथेच अडवते. फार नाही, पण इंडेंट, मेल आणि ऑर्डर तिकीट वाचण्यापुरती आलीच पाहिजे.

हॉटेल बढती देतं का, हे एका प्रश्नात कळतं: 'आत्ताच्या सीडीपींपैकी कितीजण इथेच कॉमी होते?' सहातले तीन-चार असतील तर शिडी चालू आहे. सगळे बाहेरून आणलेले असतील तर तुम्हालाही बढतीसाठी हॉटेल बदलावं लागेल. त्यात वाईट काही नाही, फक्त ते आधीच धरून चाला.

दीड वर्ष झालं तरी पदनाम 'ट्रेनी'च आहे. काय करू?

ऑफर लेटर काढून वाचा. ट्रेनीचा काळ संपल्यावर काय होणार, हे लिहिलेलं आहे का? ११ महिन्यांचा करार पुन्हा पुन्हा वाढवून त्याच पैशात पूर्ण कॉमीचं काम करून घेणं ही जुनी खोड आहे. काही जणांचा पगार हॉटेल देतच नाही, मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार देतो. पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचं आहे ते बघा. शेफशी बोला, पण 'मला कॉमी करा' असं नको. 'मी अमुक सेक्शन एकट्याने चालवतो, तमुक पदार्थ करतो, पदनाम कोणत्या महिन्यात बदलेल?' असं विचारा. तारीख मिळाली नाही तर दुसरीकडे ट्रायल द्यायला लागा. सोडताना अनुभवपत्रावर 'ट्रेनी' ऐवजी प्रत्यक्ष केलेल्या सेक्शनचा उल्लेख मागा, पुढच्या ठिकाणी तोच वाचला जातो. आणि मूळ मार्कशीट किंवा पदवी कुणाकडेही जमा ठेवू नका. पाहून परत द्यावी, झेरॉक्स ठेवावी, एवढंच.

शिक्षण दहावी, पण बीड बायपासच्या ढाब्यावर चार वर्षं तंदूर सांभाळला. मोठ्या हॉटेलात शिरता येईल का?

येईल, आणि तंदूरवाल्याला तर लवकर. भट्टीची आच हाताने ओळखणारा माणूस कॉलेजातून तयार होऊन येत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एक, अनुभवाचा कागद नसतो. त्यासाठी पर्यटन व आतिथ्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत आधीच्या अनुभवाची चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. दोन, प्रमाण. ढाब्यावर मॅरिनेशन अंदाजाने होतं, हॉटेलात एका टिक्क्याचं वजन ठरलेलं असतं. आत्ताच डिजिटल काटा घ्या आणि एक किलो चिकनला तुम्ही किती दही, आलं-लसूण आणि मीठ घालता ते मोजून वहीत लिहा. ती वही घेऊन ट्रायलला गेलेला माणूस वेगळा दिसतो. पगाराची मात्र मानसिक तयारी ठेवा. ढाब्यावर रोख जास्त मिळत असेल, हॉटेलात सुरुवातीला कमी, पण पीएफ-ईएसआय आणि पुढची शिडी असते.

मुलीने किचनमध्ये यावं का? रात्रीचं काय?

यावं. विचारायचे प्रश्न नेमके ठेवा. २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनेच ड्यूटी लावता येते, आणि तेव्हा सुरक्षितता व घरापर्यंत वाहतुकीची सोय मालकाने करायची असते. गाडी दारापर्यंत सोडते की चौकात, ड्रायव्हरचा नंबर कोणाकडे असतो, स्त्रियांची वेगळी चेंजिंग रूम आहे का, हे पहिल्या भेटीत विचारा. मुलींना परस्पर बेकरी किंवा सॅलडच्या थंड सेक्शनला बसवायची सवय अनेक किचनमध्ये आहे. ती कामं चांगली आहेत, पण तुम्हाला गरम रेंज हवी असेल तर सुरुवातीलाच सांगा आणि फिरण्याच्या वेळापत्रकात ते लिहून घ्या. सहा महिन्यांनी मागितलं तर 'तिकडे माणूस आहे' हे उत्तर तयार असतं.

आखातात किंवा क्रूझवर पाठवतो म्हणून एजंट पैसे मागतो आहे.

कॉमी १ होईपर्यंत थांबा. त्याआधी गेलात तर बहुतेक वेळा मदतनीसाचंच काम मिळतं, आणि करार दोन वर्षांचा असतो. आखातातल्या नोकरीसाठी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक emigrate.gov.in वर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून घेता येणारी सेवा फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच मर्यादित आहे आणि तिची पावती मिळाली पाहिजे. दीड-दोन लाख रोख मागणारा किंवा 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ' म्हणणारा दिसला की तिथेच थांबा. कराराची प्रत निघण्याआधी हातात हवी, आणि तिच्यात पद, मूळ पगार, तास, राहण्याची सोय व परतीचं तिकीट या पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात.